पाडव्याची जाहिरात आणि घडणावळीचा आकडा: गुजरीतल्या एका पेढीचं प्रकरण

धुळवडीच्या दुपारी गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ गल्लीत, सामसूम होती. कोल्हापुरात रंग खेळतात ते रंगपंचमीला, त्यामुळे धुळवड तशी निवांतच जाते. पेढीचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही चौघं आत बसलो होतो: पेढीचे मालक आण्णा, आता गल्ल्यावर बसणारा त्यांचा मुलगा, बिलं आणि स्टॉक सांभाळणाऱ्या त्यांच्या सूनबाई, ज्यांना मी वहिनी म्हणतो, आणि जाहिरातीचा मजकूर लिहायला बोलावलेला मी. पाडव्याला पंधरवडा उरला होता.

टेबलावर एका एजन्सीनं करून दिलेलं पोस्टर पसरलेलं होतं. ‘नववर्षाची सुवर्णसंधी! घडणावळीवर ५० टक्क्यांपर्यंत सूट’. सूट या शब्दावर एक तारा, आणि तळाला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘अटी लागू’. आण्णांना पोस्टर आवडलं नव्हतं, पण नेमकं काय खटकतंय ते त्यांना सांगता येत नव्हतं. मुलाचं म्हणणं सरळ होतं. समोरच्या गल्लीत शून्य घडणावळीचा बोर्ड लागणार आहे, आपण निदान पन्नास तरी म्हणायला पाहिजे.

वहिनींनी एकच प्रश्न विचारला. “पन्नास टक्के, पण कशाचे?”

पुढचं सगळं काम या प्रश्नातून निघालं, म्हणून आधी त्याचाच हिशेब मांडतो.

ठुशीची चिठ्ठी

वहिनींनी शोकेसमधून एक ठुशी काढून चिठ्ठीसकट टेबलावर ठेवली. चिठ्ठीवर निव्वळ वजन १५ ग्रॅम, २२ कॅरेट, घट १० टक्के, मजुरी ग्रॅमला ४०० रुपये. भाव रोज हलतो, म्हणून हिशेब सोपा जावा यासाठी मी इथे २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरतो.

त्या चिठ्ठीप्रमाणे बिल असं होतं. १५ ग्रॅमवर १० टक्के घट म्हणजे दीड ग्रॅम. ते वजनात मिळवायचं, म्हणजे गिऱ्हाईक साडेसोळा ग्रॅमचे पैसे देणार, १,६५,००० रुपये. वर मजुरी १५ गुणिले ४००, म्हणजे ६,००० रुपये. आता पन्नास टक्के सूट. ती मिळणार मजुरीवर, म्हणजे ३,००० रुपये. घटीवर नाही.

गिऱ्हाइकाच्या बाजूनं बघा. त्याच्या हातात सोनं आलं १५ ग्रॅमचं, दीड लाखाचं. त्यावर त्यानं जे काही जास्त दिलं ती त्याच्या दृष्टीनं सगळी घडणावळच. दीड ग्रॅमच्या घटीचे १५,००० आणि मजुरीचे ६,०००, मिळून २१,००० रुपये, म्हणजे ग्रॅमला १,४०० रुपये, सोन्याच्या किमतीच्या १४ टक्के. या २१,००० मधून त्याला सुटले ३,०००. पोस्टर सांगत होतं निम्मी सूट, हातात पडत होता सातवा हिस्सा. आणि या सगळ्यात चिठ्ठीवर खोटं असं काहीच नव्हतं. घट लिहिलेली होती, मजुरी लिहिलेली होती. फसवणूक होत होती ती फक्त दोन आकडे वेगवेगळे ठेवल्यामुळे आणि जाहिरातीत त्यातला लहान आकडा पुढे केल्यामुळे.

शून्य घडणावळीचा बोर्डही याच वाटेनं उभा राहतो. मजुरी शून्य करायची आणि घट १० ची १५ टक्के करायची. किंवा त्या दिवशीचा भावच ग्रॅमला शे-दीडशेनं चढा लावायचा. किंवा लाखेसकट वजन करायचं, त्याकडे पुढे येतो. कारागीर फुकट बसत नाही, त्यामुळे त्याचे पैसे बिलात कुठेतरी असतातच. ते कुठे आहेत एवढंच शोधायचं असतं.

घट म्हणजे नेमकं काय

घट ही कल्पना बनावट नाही, हे आण्णांनी मला नीट समजावलं. दागिना घडवताना सोनं खरंच कमी होतं. तार ओढताना, कानस मारताना, डाक लावताना, शेवटी उजळताना कण झडतात. ठुशीत तर शेकडो बारीक मणी, त्यामुळे झड जास्त. पूर्वी गिऱ्हाईक सोनाराला सोनं आणून द्यायचं आणि दागिना परत न्यायचं. तेव्हा दिलेल्या आणि घेतलेल्या वजनातला फरक म्हणजे घट, असा तो व्यवहार होता आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

पण झडलेलं सोनं जात कुठे नाही. कारागिराच्या पाटावरचा भुगा रोज संध्याकाळी गोळा होतो, हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवलं जातं. उरलंसुरलं झारेकरी गल्लीतली माती झाडून, धुऊन काढतात. गुजरीत भल्या सकाळी गेलात तर गटाराच्या कडेला बसून माती घमेल्यात घोळणारी माणसं दिसतील. त्या मातीवर घरं चालतात. तेव्हा १० टक्के घट म्हणजे १० टक्के सोनं हवेत विरलं असं कोणी समजू नये. प्रत्यक्ष नुकसान त्याच्या मानानं बरंच कमी असतं. उरलेली घट ही कारागिराची आणि पेढीची मिळकत असते, तिचं नाव फक्त वेगळं असतं. त्यात गैर काही नाही, दुकान चालवायचं तर मिळकत लागते. पण मिळकतीला घट म्हणायचं आणि मजुरीला सूट द्यायची, हे मला पटत नव्हतं आणि आण्णांनाही पटलं नाही.

म्हणून पहिला निर्णय ठरला: घट आणि मजुरी एकत्र करून ‘घडणावळ’ हा एकच आकडा लिहायचा, आणि तो ग्रॅमला रुपयांत. टक्क्यांत का नाही? कारण टक्क्याची घडणावळ भावाबरोबर चढते. सोनं महागलं म्हणून कारागिराचे हात जास्त हलत नाहीत. रुपयांत लिहिलेली घडणावळ गिऱ्हाइकाला लक्षात ठेवता येते, शेजारच्या दुकानात जाऊन विचारताही येते.

त्या ठुशीची घडणावळ मग झाली ग्रॅमला १,४०० रुपये. पाडव्यासाठी त्यातून किती सोडता येईल, यावर तासभर आकडेमोड झाली. कारागिराला जायचं ते बाजूला काढलं, दुकानाचा खर्च बाजूला काढला, आणि ग्रॅमला ३०० रुपये सोडायचं ठरलं. म्हणजे ठुशीवर सूट ४,५०० रुपये. पन्नास टक्केवाल्या पोस्टरपेक्षा दीड हजारानं जास्त! तरी मुलगा हिरमुसला होता, आणि त्याची काळजी खोटी नव्हती. “आण्णा, लोकं वाचणार काय? पलीकडं पन्नास टक्के, आपल्यात तीनशे रुपये. आणि वर आपणच सांगणार आमची घडणावळ चौदाशे आहे म्हणून.”

आण्णा म्हणाले, “लोकं बिल वाचत्यात रे. उशिरा वाचत्यात, पण वाचत्यात.”

मी माझ्या बाजूनं कायद्याचा मुद्दा मांडला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. जाहिरातीतली अट ही दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टाइपात असावी, असं त्यात सांगितलेलं आहे. मराठी दाव्याखाली मुंगीएवढी इंग्रजी अट, हा प्रकार तिथेच बाद होतो. पण खरं सांगायचं तर निर्णय कायद्यानं झाला नाही, ठुशीच्या चिठ्ठीनं झाला.

साजावर सूट नाही

दुसऱ्या दिवशी यादी करायला बसलो तेव्हा साजापाशी येऊन अडलो. कोल्हापुरी साज हा या पेढीचा मानाचा दागिना. एकवीस पानड्या, प्रत्येकीचा ठसा वेगळा: चंद्र, शंख, मासा, कासव, कमळ, भुंगा, बेलपान, वाघनख. मधे जवमणी. पत्रा ठशावर ठोकून आकार घ्यायचा, मागून लाख भरायची, कडा बसवायच्या, मग सगळं दोऱ्यात गाठवायचं. पेढीसाठी साज करणारे कारागीर साठीच्या पुढचे आहेत आणि एका साजाला त्यांना आठ-दहा दिवस लागतात. त्यांची मजुरी नगावर ठरते.

मुलानं साजावरही सूट लिहिली होती. आण्णांनी पेन घेऊन ती ओळ खोडली. कारण त्यांना पुढचं दिसत होतं. पाडव्याला सूट दिली की अक्षय्य तृतीयेला गिऱ्हाईक तोच भाव मागणार, दसऱ्यालाही मागणार, आणि दोन वर्षांत ती कपात कारागिराच्या मजुरीवर येऊन बसणार. ठशाचा साज परवडेना म्हणून यंत्रावर ओतलेल्या पानड्या यायला लागल्यात, त्या याच रस्त्यानं. परंपरा जपतो असं पोस्टरवर लिहायचं आणि ती चालवणाऱ्या माणसाची मजुरी कापायची, हे एकाच कागदावर नांदत नाही.

जाहिरातीत मग साजापुढे ‘सूट नाही’ असं लिहायचं ठरलं. नुसतं वगळायचं नाही, लिहायचं. वगळलं असतं तर गिऱ्हाईक दुकानात येऊन हिरमुसलं असतं.

सूट नाही, मग साजवाल्या घरांना पाडव्याचं काय? एक गोष्ट सुचली ती वहिनींना. घरातला जुना साज नव्यानं गाठवून आणि धुऊन द्यायचा, ठरावीक २०० रुपयांत. इथे एक बारकावा आहे. सोनं विरघळवणारं आम्ल लावून उजळलं की दागिन्यावरचा सोन्याचा पातळ थर जातो, दर वेळी थोडा. म्हणून उजळणं नाही, फक्त रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं धुणं. गरम पाणी चालत नाही, आतली लाख मऊ पडते. दोरा कापून पानड्या सुट्या केल्यावर आणि धुऊन वाळल्यावर, दोन्ही वेळा गिऱ्हाइकासमोर काट्यावर वजन. मी एका दुपारी हे पाहिलं. पेठेतल्या एक आजी स्टुलावर बसून काट्याच्या आकड्यावर डोळा ठेवून होत्या. धुतल्यावर आकडा चार-पाच मिलिग्रॅमनं उतरला तेव्हा त्यांनी कारागिराकडे रोखून पाहिलं. कारागिरांनी शांतपणे रिठ्याचं वाडगं पुढे केलं. तळाशी काळपट गाळ होता, वर्षांचा घाम आणि हळद-कुंकू. आजींनी बोट बुडवून पाहिलं आणि मान हलवली.

पोस्टरमधली गुढी

आता चित्राकडे. एजन्सीच्या पोस्टरवर गुढी होती, पण तिला गाठी नव्हती, कडुलिंब नव्हता, आणि गाठीच्या जागी सोन्याचा हार लटकवलेला होता. आण्णांच्या आईंना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, “लिंब कुठाय रं? आणि हार गुढीला घालत्यात व्हय?” हारवाली गुढी गेली. आम्ही घरची गुढी काढली तसा फोटो घेतला: वेळूची काठी, खणाचं वस्त्र, लिंबाची डहाळी, साखरेची गाठी, झेंडूची माळ, वर पालथा घातलेला तांब्या. दागिना गुढीवर नाही. तो खाली, पाटावर बसलेल्या बाईच्या गळ्यात.

दुसरी गोष्ट अंबाबाईच्या फोटोची. एजन्सीनं हँडबिलावर देवीचा मुखवटा छापला होता. महाद्वार रोडवर वाटलेलं हँडबिल तासाभरात पायाखाली येतं. गावातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्या एजन्सीला सांगावं लागलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिथे परंपरा आणि सचोटी एकाच मुद्द्यावर येतात. एजन्सीनं लिहिलं होतं, ‘खरेदीचा शुभमुहूर्त फक्त सकाळी ११ ते १२.३०’. म्हणजे घाई करा. पण पाडवा साडेतीन मुहूर्तांतला. अख्खा दिवसच शुभ, त्यासाठी पंचांग उघडून घटका शोधावी लागत नाही, हाच तर त्या दिवसाचा अर्थ. धर्माच्या नावानं दीड तासाची खिडकी तयार करणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या श्रद्धेला चिमटा काढणं. ती ओळ काढली आणि लिहिलं: ‘पाडव्याला दुकान सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत उघडं. दिवसभर केव्हाही या.’

आदल्या दिवशीची अमावास्याही ध्यानात घ्यावी लागली. त्या दिवशी सोनं घेणारं घर आमच्याकडे क्वचित. म्हणून रंगपंचमीनंतर बुकिंग आणि डिलिव्हरी पाडव्याला, असा पर्याय ठेवला. बुकिंगचा भाव कसा? जेवढे पैसे आज भरले तेवढ्या ग्रॅमचा भाव आजचा, उरलेल्या ग्रॅमचा पाडव्याचा. ‘दोन्हींत कमी असेल तो भाव’ असं मुलाला लिहायचं होतं. ते ऐकायला गोड लागतं, पण भाव पडला तर तो फरक कोणाच्या खिशातून जाणार, याचं उत्तर पेढीकडे नव्हतं. उत्तर नसलेलं आश्वासन शेवटी घडणावळीतून वसूल होतं.

लाखेचं वजन

मजकूर जवळजवळ तयार झाला होता, तेवढ्यात वहिनींनी स्टॉकमधल्या बोरमाळा पुढे ठेवल्या. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात, त्यात लाख भरतात, नाहीतर मणी दाबला की चेपतो. म्हणजे काट्यावर जे वजन दिसतं ते सोनं अधिक लाख अधिक दोरा. लाख सोन्याच्या भावानं विकली गेली तर कोणतीही सूट त्यापुढे किरकोळ. एक ग्रॅम लाख म्हणजे वरच्या हिशेबानं दहा हजार रुपये.

याची खातरजमा करायची रीत एकच आहे. कारागिरानं लाख भरण्याआधी रिकाम्या मण्यांचं वजन लिहून ठेवायचं आणि भरल्यावर पुन्हा करायचं. कॅरेट मोजायचं यंत्र इथे कामाचं नाही, ते वरच्या थरातली शुद्धता सांगतं, पोटात काय भरलंय ते नाही. नव्या मालाची दोन्ही वजनं पेढीच्या वहीत होती. जुन्या पाच बोरमाळांची मात्र नव्हती, त्यांच्या चिठ्ठीवर ‘लाख वजा’ असा अंदाजानं घातलेला आकडा होता.

आण्णांनी त्यातली एक वितळवायला लावली. चिठ्ठीवर निव्वळ ११.४०० ग्रॅम होतं, हाती आलं ११.०५० च्या आसपास. थोडी घट वितळवण्यातली धरली तरी फरक उरत होता. आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. चाळीस वर्षांत अशा किती माळा गेल्या असतील, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होता. उरलेल्या चार माळा त्या दिवशीच शोकेसमधून निघाल्या. त्या मोडून त्यांचं सोनं नव्या मालात गेलं.

त्यानंतर चिठ्ठी बदलली. तीन ओळी: एकूण वजन, लाख-दोरा-खडे वजा, निव्वळ वजन. बिलावर दागिन्याचं वर्णन, निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क दाखवणं हॉलमार्किंगच्या नियमात आहेच. घडणावळीची वेगळी ओळ आम्ही जोडली.

छापलेला मजकूर

शेवटी पोस्टरवर आणि व्हॉट्सअॅपच्या कार्डावर जे गेलं ते असं:

*पाडव्याची घडणावळ*
*ठुशी: ग्रॅमला १,४०० रुपये. पाडव्यापर्यंत १,१००.*
*पाटल्या, बांगड्या: ग्रॅमला ९००. पाडव्यापर्यंत ७५०.*
*चेन: ग्रॅमला ६००. पाडव्यापर्यंत ५००.*
*वेढणी: ग्रॅमला १००. सूट नाही.*
*कोल्हापुरी साज: कारागिराच्या मजुरीप्रमाणे, नगावर. सूट नाही.*
*घट वेगळी लावत नाही. वजन लाख, दोरा, खडे वजा करून. भाव त्या दिवशीचा, बाहेरच्या फळ्यावर. जीएसटी ३ टक्के आणि हॉलमार्कचे नगाला ४५ रुपये व त्यावरचा कर वेगळा. दागिना मोडीला आणलात तर घडणावळ परत मिळत नाही.*

सगळा मजकूर एकाच टाइपात, एकाच आकारात. तारा कुठेही नाही.

शेवटच्या वाक्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. जाहिरातीत मोडीची गोष्ट कोण काढतं? पण सोनं घेणारं घर ते अडीअडचणीसाठीही घेतं, आणि मोडायला आल्यावर ‘एवढे कमी कसे’ हे भांडण प्रत्येक पेढीवर होतं. ते आधीच सांगितलेलं बरं. वेढणीची, म्हणजे साध्या, बिननक्षीच्या सोन्याच्या वळ्याची, ओळही त्याच हेतूनं ठेवली. ज्याला फक्त मुहूर्ताचं सोनं घ्यायचंय, घालायचं नाही, त्यानं ठुशीची घडणावळ का भरावी? त्याला दुकानानंच वेढणी सुचवावी, असं काउंटरवरच्या मुलांना बजावलं. हॉलमार्कची खूण आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक गिऱ्हाइकाला भिंगातून दाखवायचा, आणि मागितलं तर `BIS Care` अॅपवर तपासून द्यायचा, हेही ठरलं.

काय चाललं, काय अडलं

पहिले दोन दिवस फोन आले ते बहुतेक एकाच सुरात: तुमची घडणावळ जास्त आहे. काउंटरवर उत्तर ठरलेलं होतं. दुसऱ्या पेढीचा अंदाज कागदावर आणा, निव्वळ वजन आणि एकूण रक्कम असलेला, आपण ग्रॅमला किती पडतंय ते काढू. एक जोडपं शून्य घडणावळीचा कागद घेऊन आलं. त्यात घट १४ टक्के होती. गणित करायला अर्धं मिनिट लागलं. ते ठुशी घेऊन गेले. १५ ग्रॅमच्या ठुशीचं बिल माझ्या धरलेल्या भावानं मांडायचं तर सोनं १,५०,०००, घडणावळ १६,५००, दोन्हींवर जीएसटी ४,९९५, आणि हॉलमार्कचं शुल्क.

दुसरा एक तरुण जो कागद घेऊन आला त्यात दुसरी पेढी खरोखरच स्वस्त होती, ग्रॅमला ८०० रुपयांच्या आत. ठुशी यंत्रावरची होती, मणी साच्यातले. मुलानं त्याला दोन्ही हातात देऊन फरक दाखवला: हाताची ठुशी गळ्याभोवती वळते, साच्याची जरा ताठ बसते. आणि मग सांगितलं, रोज घालायची नसेल तर तीही वाईट नाही. तो तिकडे गेला. मुलगा रात्री मला म्हणाला की तसं बोलताना जीभ जड झाली होती.

घासाघीस हा मात्र खरा अडथळा ठरला, आणि तो मी आधी ओळखायला हवा होता. आपल्याकडे “शेवटी काय करताय ते सांगा” या वाक्याशिवाय सोन्याची खरेदी पुरी होत नाही. आकडे छापल्यावर काउंटरवरच्या माणसाच्या हातात सोडायला काही उरलं नाही. एका जुन्या सेल्समननं तिसऱ्या दिवशी सवयीनं एका ओळखीच्या घराला ग्रॅमला पन्नास आणखी कमी केले. वहिनींना बिलात ते दिसलं. मग प्रश्न पडला: जी घरं न घासता छापील दरानं घेऊन गेली त्यांचं काय? त्या तीन दिवसांची बिलं काढली आणि ठुशी-पाटल्या घेतलेल्या प्रत्येकाला फोन करून तेवढाच फरक परत दिला. महागात पडलं, पण त्यानंतर काउंटरवर कोणी सवयीनं आकडा सोडला नाही.

काही जुनी घरं दुखावली. “तीन पिढ्यांचं नातं, आणि आम्हालाबी बोर्डावरचाच दर?” आण्णांनी त्यांना चहा पाजला, दर बदलला नाही. दोन-तीन घरं त्या पाडव्याला आली नाहीत. त्यातली कोणी परत येतील, कोणी नाही. नात्याला वेगळा दर हवा असणाऱ्या गिऱ्हाइकाला हा मार्ग पटत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. जी पेढी मुख्यतः अशा घरांवर चालते, तिला आकडे छापण्याआधी हा तोटा मोजून घ्यावा लागेल.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भुदरगडकडची एक बाई आली, सोबत लहान मुलगी. काल एसटी मिळाली नाही म्हणाली. तिला ठुशी हवी होती, हातात आमचं व्हॉट्सअॅपचं कार्ड होतं. मुलाचा जीव हलला, त्यानं आण्णांकडे पाहिलं. कार्डावर ‘पाडव्यापर्यंत’ लिहिलेलं होतं. आदल्या रात्री पावणेदहाला धावत आलेल्या माणसांनी त्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

आण्णांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. “ताई, सूट काल संपली. ती आज मला देता येत न्हाई. पण बसा, तुम्हाला काय पाहिजे ते बघू.” मग त्यांनी तिला ठुशी किती वजनाची हवी, कशासाठी हवी, विचारलं. मुलीच्या लग्नाला साठवायचं होतं, लग्न दहा-बारा वर्षं लांब. आण्णांनी ठुशीचा ट्रे बाजूला सारला आणि वेढणीची डबी उघडली.

“घालायची न्हाई ना आत्ता? मग घडणावळ कशाला भरतासा?”

तिनं पाच ग्रॅमची वेढणी घेतली. घडणावळ झाली पाचशे रुपये. बिल वाचून दाखवायला तिनं मुलीला सांगितलं, आणि मुलीनं बोट ठेवून एकेक ओळ मोठ्यानं वाचली.